एका प्लेटीत किती लोह? पोह्यांच्या तीन उत्तरांचं प्रकरण

मी इंदूरला मुलींच्या एका कॉलेजात गृहविज्ञान शिकवते. वर्ग हिंदीत चालतो, घर मराठीत. त्यामुळे फळ्यावर 'लौह तत्त्व' आणि घरी 'लोह' असा माझा रोजचा प्रवास असतो. आहारनियोजनाचा घटक आला की परीक्षेत एक प्रश्न हमखास पडतो. एखाद्या व्यक्तीचा दिवसभराचा आहार दिलेला असतो, त्याचं विश्लेषण करायचं, तो संतुलित आहे का ते सांगायचं आणि नसला तर सुधारून द्यायचा. मुलींना हा प्रश्न आवडतो, कारण त्यात पाठांतर कमी आणि गुणाकार जास्त.

या वेळी पाठ्यपुस्तकातला ठोकळेबाज आहार न देता मी भाचीचा खराखुरा दिवस उचलला. ती सतरा वर्षांची, बारावीत आहे आणि दिवसातून दोनदा तरी "दमले गं मावशी" म्हणते. घरचे म्हणतात, अभ्यासाचा ताण आहे. मी तिच्या आईला फोन करून एका दिवसाचं सगळं विचारून घेतलं आणि चार-चारच्या पाच गटांना वाटून दिलं:

सकाळी ७ : चहा, दोन टोस्ट
९ वाजता : एक प्लेट पोहे, वरून सेव, दोन लहान जलेब्या, चहा
दुपारी १ : तीन पोळ्या, बटाट्याची भाजी, वरण-भात, तूप
५ वाजता : एक कचोरी, चहा
रात्री ८ : मुगाच्या डाळीची खिचडी, तूप, पापड
झोपताना : एक लहान ग्लास दूध

इंदूरकराला यात काही वावगं दिसणार नाही. पोहे-जलेबी म्हणजे इथली सकाळच. उलट डाळ दोनदा आहे, दूध आहे, भाजी आहे, मुलगी उपाशी राहते असं कोणी म्हणणार नाही. माझाही अंदाज होता की मुली ऊर्जा, प्रथिनं, कॅल्शियम आणि लोह काढतील, कॅल्शियम कमी पडतंय म्हणतील, दूध वाढवा म्हणून लिहितील आणि तास संपेल.

मग तीन गटांनी लोहाची बेरीज वाचून दाखवली. पहिला गट म्हणाला ५४ मिलिग्रॅम, दुसरा म्हणाला २२, तिसरा म्हणाला १२.

आहार एकच, मुलगी एकच. गुणाकार मी तिघींचे तपासले आणि तिन्हींकडचे गुणाकार बरोबर होते. पहिल्या गटातली एक तर उभी राहून म्हणाली, "मॅम, पोहा तो सुपरफूड निकला!" तिच्या हिशोबात सकाळच्या एका प्लेटीतच ४० मिलिग्रॅम लोह होतं. सोळा ते अठरा वयाच्या मुलीसाठी भारतीय शिफारस आहे दिवसाला ३२ मिलिग्रॅम. म्हणजे भाचीने पोहे खाऊन हात धुतले की तिचा दिवसाचा कोटा पूर्ण होऊन वर आठ उरले!

तो तास तिथेच थांबला आणि पुढचे दोन तास या तीन आकड्यांवर गेले.

पहिली चूक ताटातली

५४ कुठून आले ते शोधायला फार वेळ लागला नाही. गटाने धरलं की पोह्यांची प्लेट साधारण २०० ग्रॅमची. मग अन्नघटकांच्या तक्त्यात पोह्यांसमोर लोह बघितलं, शंभर ग्रॅमला २०, आणि दोनने गुणलं. आलं चाळीस. पण तक्त्यातले हे आकडे कच्च्या जिन्नसाचे असतात. तिथे 'पोहे' म्हणजे डब्यातले कोरडे पोहे, प्लेटीतले मऊ, कांदा-शेंगदाणे घातलेले नव्हे.

हे मी वर्गात दहा वेळा सांगितलेलं आहे आणि दहा वेळा विसरलं गेलं आहे. म्हणून या वेळी बोलले नाही, स्वयंपाकाच्या प्रयोगशाळेतला काटा मागवला. त्याच मुलीला ६० ग्रॅम पोहे मोजायला लावले. तिला ते फारच कमी वाटले, तिने चाळणीत अजून मूठभर घातले, मी काढायला लावले. धुऊन, निथळून, पाच मिनिटं झाकून ठेवले आणि पुन्हा काट्यावर ठेवले, तर ११४. पाण्याशिवाय काहीच घातलं नव्हतं. वाढलेल्या ५४ ग्रॅममध्ये लोह नाही, प्रथिनं नाहीत, ऊर्जा नाही. कांदा, दाणे, तेल, सेव पडल्यावर तीच प्लेट दोनशेच्या जवळ जाते, पण पोहे त्यात साठच ग्रॅम.

भाताचं, वरणाचं, खिचडीचं तेच. पहिल्या गटाने दुपारचा शिजलेला भात १२० ग्रॅम धरून तो कच्च्या तांदळाच्या आकड्याने गुणला होता. भाचीच्या आईने मला सांगितलेलं माप होतं ४० ग्रॅम तांदूळ. तक्ता हातात घ्यायच्या आधी करायचं काम हे आहे: प्रत्येक पदार्थ मोडून त्याचे कच्चे जिन्नस आणि त्यांची वजनं लिहायची. तीन पोळ्या म्हणजे ७५ ग्रॅम कणीक, वरण म्हणजे २५ ग्रॅम तूरडाळ, कचोरी म्हणजे २५ ग्रॅम मैदा, दहा ग्रॅम मूगडाळ आणि बारा ग्रॅमच्या आसपास तेल. हे अंदाजच असतात, पण कच्च्या वजनाचे अंदाज असतात. प्रश्नात नुसती 'एक प्लेट' किंवा 'एक वाटी' दिली असेल, तर आपण धरलेलं वजन उत्तरात लिहून टाकायचं, म्हणजे तपासणाऱ्याला आपली पायरी दिसते.

कणीक ७५ असताना मुली पोळ्यांचं वजन ११० धरतात आणि लोहात दीडेक मिलिग्रॅम वाढवून बसतात. पोळीत पाणी कमी, म्हणून चूक लहान. पोहे, भात, खिचडीत पाणी जास्त, म्हणून तिथे दुप्पट-तिप्पट. चूक सगळीकडे सारखी असती तर बेरीज बघून लक्षात तरी आली असती.

दुसरी चूक, जिला चूक म्हणावं की नाही

आता उरले २२ आणि १२. दोन्ही गटांनी पोहे साठ ग्रॅमच धरले होते, बाकी वजनंही जवळपास सारखी होती. फरक तक्त्यात होता.

दुसऱ्या गटाकडे होता जुना तक्ता. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं ते पुस्तक १९७१ पासून वापरात आहे, १९८९ मध्ये सुधारून छापलं गेलं, आणि आपल्या बहुतेक पाठ्यपुस्तकांच्या परिशिष्टात अजून तेच आकडे आहेत. त्यात पोह्यांचं लोह शंभर ग्रॅमला २० मिलिग्रॅम. साठ ग्रॅमचे झाले १२.

तिसऱ्या गटातल्या एकीची मोठी बहीण पोषणशास्त्रात एमएससी करते. तिने त्याच संस्थेचे २०१७ चे नवे तक्ते मोबाईलवर दिले होते. त्यात ५२८ खाद्यपदार्थ आहेत, नमुने देशभरातून गोळा करून नव्याने तपासलेले. पोह्यांचं लोह तिथे शंभर ग्रॅमला ४.४६. साठ ग्रॅमचे झाले २.७.

एकाच संस्थेच्या दोन तक्त्यांत पोह्यांचं लोह चौपटीहून जास्त वेगळं! मुली माझ्याकडे बघायला लागल्या. खरं सांगायचं तर हा फरक मला माहीत होता, पण तो एका साध्या वर्गपाठाचा निकाल इतका फिरवील हे मी कधी मांडून पाहिलं नव्हतं.

फरकाचं कारण पोहे बनतात कसे त्यात आहे. टरफलासकट भात भिजवतात, भट्टीवर गरम करतात आणि मग लोखंडी यंत्रात चेपतात. कांडपात, चेपण्यात, वाहतुकीत यंत्राचं लोखंड आणि मातीतलं लोह धान्याला चिकटतं. नमुना तपासताना ते नीट वेगळं झालं नाही तर तपासणीचं यंत्र सगळंच 'लोह' म्हणून मोजतं. असं बाहेरून लागलेलं लोह आतड्यात फारसं शोषलं जात नाही. तपासणीच्या पद्धती आणि नमुने दोन्ही बदलले, तसे आकडे उतरले.

पोहे काही एकटेच नाहीत. बाळंतिणीला हमखास मिळणारे अळीव घ्या. जुन्या तक्त्यात त्यांचं लोह शंभर ग्रॅमला १०० मिलिग्रॅम, नव्यात १७.२. एका लाडवात पाच ग्रॅम अळीव धरले तर आधी पाच मिलिग्रॅम मिळत होते, आता एकसुद्धा नाही. माझ्या सासूबाईंना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "तुमचा तक्ता बदलला, अळीव नाही बदलले." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि खरं तर तेच उत्तर होतं: अळीव पूर्वीही तेवढेच होते, आपण जास्त समजत होतो. उलट बाजूही आहे. तिळाचं लोह जुन्या तक्त्यात ९.३ होतं, नव्यात १४ ते १५ च्या घरात आहे. म्हणजे नवा तक्ता सगळंच कमी दाखवतो असं नाही.

या भानगडीत तिसऱ्या गटाचाही पाय घसरलाच होता, फक्त लोहात नव्हे. नव्या तक्त्यात ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिलेली असते. पोहे १४८० बघितले, कॅलरी समजून घेतले आणि दिवसाची बेरीज लिहिली ९,८००. सतरा वर्षांच्या मुलीची शिफारस २,५०० किलोकॅलरी आहे. चौपट जेवून ती वर्गात दमेल कशी, हा प्रश्न त्यांना पडला नाही. किलोज्यूलला ४.१८ ने भागायचं, मग तेच पोहे शंभर ग्रॅमला साडेतीनशे किलोकॅलरी होतात आणि दिवसाची बेरीज २,३५० वर येते. बेरीज झाली की एकदा डोळ्यांनी बघायचं, असं खाणारं माणूस असू शकतं का? चार हजारांच्या वर गेलं की एकक तपासायचं, हा माझा साधा नियम.

ताळा करून बघितला तर

कच्ची वजनं आणि नवा तक्ता घेऊन आम्ही फळ्यावर पूर्ण दिवस पुन्हा मांडला. ऊर्जा सुमारे २,३५० किलोकॅलरी, शिफारशीपेक्षा जराशी कमी. प्रथिनं ५८ ग्रॅम, शिफारस ४६. कॅल्शियम ५०० मिलिग्रॅमच्या आसपास, शिफारस १,०५०, म्हणजे अर्धंच. आणि लोह मसाल्यांचा अंदाज धरून साडेबारा, शिफारस ३२.

लोहाचे साडेबारा कुठून आले ते बघण्यासारखं आहे. पोळ्यांतून तीन, पोह्यांतून २.७, दोन्ही वेळची मूगडाळ धरून दीडच्या आत, तुरीतून एक. बाकी सगळं अर्धा-पाव करत जमलेलं. दोन वेळच्या तांदळातून मिळून ०.६. मैदा टोस्टमध्ये आहे, जलेबीत आहे, कचोरीत आहे, आणि तिघांत मिळून एक मिलिग्रॅम. बटाटा शंभर ग्रॅम, लोह अर्ध्याच्या जरा वर. पोट भरणारे जिन्नस लोहाच्या बाबतीत रिकामे आहेत, आणि ज्या एका जिन्नसावर जुना हिशोब उभा होता ते म्हणजे पोहे.

इथे एका मुलीने चांगला प्रश्न विचारला. "मॅम, ३२ हा आकडा तर खूप मोठा आहे. तेवढं कुणाचंच होत नसेल. मग सगळ्याच कमी?" याचं उत्तर पुस्तकात असतं, पण कोणी वाचत नाही. शिफारशीचे दोन आकडे असतात. सरासरी गरज, म्हणजे ज्या पातळीवर निम्म्या मुलींची गरज भागते, ती या वयाला १८ आहे. तिच्यावर जवळजवळ सगळ्यांची गरज भागावी म्हणून वाढवलेली शिफारस ३२. एका माणसाचा आहार आखताना ३२ समोर ठेवायचे, कारण ती मुलगी कमी गरजेच्या निम्म्यात आहे की जास्त गरजेच्या, हे आपल्याला ठाऊक नसतं. म्हणून आहारात २२ मिळाले म्हणजे ती नक्की कमी पडते असं म्हणता येत नाही. पण १२ मिळत असतील, तर ती सरासरी गरजेच्याही बरीच खाली आहे आणि कमतरतेची शक्यता मोठी आहे.

म्हणजे जुन्या तक्त्याने उत्तर आलं "थोडं कमी, फार काळजी नाही" आणि नव्याने आलं "काळजी करा". निष्कर्षच उलटला, आणि तोही पोह्यांच्या एका ओळीमुळे. गटाने दिवसभराचे वीस गुणाकार केले, त्यातल्या एका आकड्याने नऊ मिलिग्रॅमचा फरक पाडला. म्हणूनच मी हल्ली मुलींना सांगते की एकाच पदार्थातून दिवसाच्या निम्म्याहून जास्त एखादा घटक येत असेल तर तिथे थांबा, वजन पुन्हा बघा आणि तक्त्याची ओळ पुन्हा वाचा. कधी ते खरंच असतं, जसं आवळ्याचं क जीवनसत्त्व. कधी ते पोहे असतात.

चहा, लिंबू आणि जाम

आतापर्यंत तोंडात किती गेलं तेच मोजलं. रक्तात किती जातं हा पुढचा भाग. परीक्षेत त्याला एक-दोन गुणच असतात, तरी मला तोच महत्त्वाचा वाटतो.

धान्य-डाळींतलं लोह शोषलं जातं फार थोडं, शेकड्याला दहाच्याही आत. त्यात धान्याच्या कोंड्यातलं फायटेट अडसर आणतं आणि चहातलं टॅनिन आणखी मोठा. आता भाचीचा दिवस पुन्हा बघा. चहा तीनदा आहे आणि त्यातला एक नेमका पोह्यांबरोबर. इंदूरच्या ठेल्यावरही तसंच असतं, एका हातात दोना आणि दुसऱ्या हातात कटिंग. प्लेटीतलं जे २.७ होतं, त्यातला मिळायचा तो अंशही त्या कपाने कमी केला.

मुली लगेच म्हणाल्या, लिंबू पिळलेलं असतं ना! इंदुरी पोह्यांवर लिंबू असतं, जीरावन मसाला असतो, कांदा असतो, खरं आहे. क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं हेही खरं. पण पोह्यांवर लिंबाची एक फोड पिळली की त्यातून क जीवनसत्त्व मिळतं दोन-चार मिलिग्रॅम. फरक जाणवायला त्याच जेवणात पंचवीस-पन्नास तरी लागतं. एका फोडीवर तितकं ओझं टाकता येत नाही. इथे ज्याला जाम म्हणतात तो पेरू मात्र कामाचा आहे. त्याच्या शंभर ग्रॅममध्ये क जीवनसत्त्व दोनशेच्या वर असतं. म्हणजे पोह्यांनंतर अर्धा जाम खाल्ला तरी दीडशेच्या आसपास मिळतं. हिवाळ्यात इथल्या हातगाड्यांवर तो तिखट-मीठ लावून मिळतो, आणि भाचीला तो आवडतोही. ती तो संध्याकाळी क्लासहून येताना खाते, एवढंच वेळेचं गणित चुकतं.

म्हणून पहिला बदल असा की चहा पोह्यांपासून तोडायचा. सातचा चहा आहेच. नऊचा वगळायचा किंवा तासाभराने प्यायचा. जाम संध्याकाळहून सकाळी आणायचा. यात लोह एक मिलिग्रॅमनेही वाढत नाही, म्हणून मुलींच्या तक्त्यात हा बदल दिसतच नाही. तरी उत्तरात तो शब्दांत लिहायला हवा.

सुधारलेला दिवस

सुधारणेच्या भागात मुली नेहमीचं लिहितात: पालक, बीट, गूळ, खजूर. आम्ही ते मोजून बघितलं. दहा ग्रॅम गुळात अर्धा मिलिग्रॅमही लोह नाही. शंभर ग्रॅम बिटात एकाच्या आत, लाल रंग असूनही. पालकाला शंभर ग्रॅममध्ये तीनच्या जवळ. वाईट नाही, पण ज्या नावाने तो मिरवतो तेवढं नक्कीच नाही.

दुसरी सवय म्हणजे जलेबी काढून टाकणं. पाचही गटांनी जलेबीवर काट मारली होती. मला ते पटत नाही. दोन लहान जलेब्या जवळपास १८० किलोकॅलरी देतात आणि या मुलीची ऊर्जा आधीच किंचित कमी आहे. जलेबीने लोह घटत नाही. प्रश्न 'वाईट पदार्थ शोधा' असा नाही. जलेबी काढली तर तिच्या जागी काय देणार, हे लिहायला हवं, ते कुणीच लिहिलं नव्हतं.

आम्ही मिळून पाच बदल केले, आणि मी बजावलं की भाचीच्या घरात न चालणारं काही लिहायचं नाही. घर शाकाहारी आहे. बटाट्याच्या भाजीऐवजी शंभर ग्रॅम मेथी, तिच्यात लोह ५.७, म्हणजे एकट्या भाजीने पाच मिलिग्रॅम वाढले. हिवाळ्यात मेथी स्वस्त असते. उन्हाळ्यात माठ, ज्याला इथे चौलाई म्हणतात, तो साडेचारच्या वर देतो. पाच वाजताच्या कचोरीऐवजी तीस ग्रॅम मटकीची उसळ, तिचं २.४. तुरीऐवजी मसूर, तर २५ ग्रॅममध्ये एकाच्या जागी १.९. जेवताना दहा ग्रॅम तिळाची चटणी, दीड मिलिग्रॅम. आणि कचोरी गेल्याने, बटाटाही गेल्याने कमी झालेली ऊर्जा भरायला चौथी पोळी, तिचं एक मिलिग्रॅम वेगळं.

बेरीज झाली साडेबावीस. ऊर्जा जिथल्या तिथे, २,३५० च्या जवळ. अनपेक्षित फायदा कॅल्शियमचा झाला. मेथी आणि तीळ दोन्हींत ते भरपूर, त्यामुळे पाचशेचे नऊशे झाले, दुधाचा एक थेंब न वाढवता. पाचही गटांनी सुधारणेत पहिलं 'दूध वाढवा' लिहिलं होतं, त्यांना हे बघून जरा चिडायला झालं.

आणि तरी बत्तीस झाले नाहीत. दहा मिलिग्रॅम अजून कमी. एका मुलीने आणखी पन्नास ग्रॅम तीळ घालायची सूचना केली. मी तिला तिळाची तेवढी चटणी वाटीत काढून दाखवली, मग तीच हसली. शाकाहारी ताटातून, खाता येईल अशा प्रमाणात, या वयाच्या मुलीचे ३२ गाठणं अवघड आहे. उत्तरात ते कबूल करायला लाज वाटू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत पंधरा ते एकोणीस वयाच्या ५९ टक्के मुली रक्तक्षयी आढळल्या, ते उगाच नाही. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी त्यासाठीच आहे. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक ॲसिड असतं. भाचीने ती किती वेळा घेतली विचारलं, तर म्हणाली, "वर्गात वाटतात, आम्ही बॅगेत टाकतो." तिच्या आईला मी आहाराचा कागद पाठवला आणि सोबत हिमोग्लोबिन तपासून घ्या असंही सांगितलं. दमणं लोहामुळेच आहे की बारावीच्या क्लासमुळे, ते काटा-तक्त्याने कळत नाही.

लोखंडी कढईचाही विषय निघाला. तिच्यात आंबट पदार्थ शिजवला की लोह उतरतं, हे खरं आहे. पण किती उतरतं ते कढई, वेळ आणि आंबटपणावर ठरतं, म्हणून तक्त्यात त्याची बेरीज करता येत नाही. शिवाय इंदूरचे पोहे बहुतेक वाफेवर ठेवतात, कढईत परतत बसत नाहीत.

गुण कसे दिले

दहा गुणांचा प्रश्न होता. पहिल्या गटाला चार, कारण कच्च्या वजनाची पायरीच चुकली होती आणि नंतरचं सगळं त्यावर उभं होतं. तिसऱ्या गटाला सात. लोह बरोबर होतं, पण ९,८०० कॅलरी लिहून पुढे जाणं मला माफ करता आलं नाही. दुसऱ्या गटाने सगळं नीट केलं होतं, पाठ्यपुस्तकात दिलेला तक्ता वापरला होता आणि निष्कर्ष चुकीचा आला होता. त्यांना मी आठ दिले. तिसऱ्या गटाची एक मुलगी भांडायला आली: "आमचं उत्तर खरं आणि गुण कमी?" मी म्हटलं, पेपरात पायऱ्या तपासतात गं. ती पटल्यासारखी गेली नाही.

तेव्हापासून एक सवय लावली. उत्तराची पहिली ओळ अशी: 'वजनं कच्च्या जिन्नसाची, आकडे अमुक वर्षाच्या तक्त्याचे.' मग दोन तक्त्यांत फरक पडला तरी तपासणाऱ्याला दिसतं की मुलीला माहीत आहे.

मार्चमध्ये वार्षिक परीक्षेचा पेपर आला. आहार विश्लेषणाचा प्रश्न होताच, नाश्त्याला पोहेच होते, आणि पेपराच्या मागच्या पानावर छापलेल्या छोट्या तक्त्यात पोह्यांसमोर लोह लिहिलं होतं २०.०. मुली बाहेर आल्या तेव्हा मी जिन्यावरच उभी होते. पहिल्या गटातल्या सुपरफूडवाल्या मुलीने दुरूनच बोटांनी सांगितलं, साठ ग्रॅम, बारा मिलिग्रॅम. जवळ आल्यावर म्हणाली, खाली एक ओळ लिहून आले मॅम, 'दिलेल्या तक्त्यानुसार. नव्या तक्त्यानुसार २.७.'